पाहुण्यांच्या पायाशी चेंडू का पडतो?

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर अडीच वर्षांचा आहे. बेल वाजली की आत पळतो, चेंडू नाहीतर त्याचं कापडी माकड तोंडात धरून येतो आणि आलेल्या माणसाच्या पायाशी टाकतो. आम्हाला दिवसभरात क्वचितच आणून देतो. आई म्हणते, तो पाहुण्यांना भेट देतोय. खरंच तसं असतं का? आणि पाहुण्याने वाकून हात घातला की कधी कधी तोच झडप घालून चेंडू परत घेतो, ते कशामुळे?

उत्तर:

बघणाऱ्याला ही एकच कृती वाटते, पण तिच्यात दोन कृती आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. बेल वाजल्यावर काहीतरी तोंडात पकडून येणं हा स्वागताचा आणि उत्तेजनेचा भाग आहे. ते तुमच्या कुत्र्याच्या रक्तातच आहे. आणलेली वस्तू सोडून देणं, एक पाऊल मागे सरकणं आणि माणसाकडे बघत राहणं ही मात्र मागणी आहे आणि ती त्याला माणसांनी शिकवली आहे, बहुतेक वेळा नकळत. कुत्र्यांच्या वर्तनावर काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी मी आधी एवढंच विचारतो: वस्तू आणल्यावर तो ती सोडतो किती वेळाने? त्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं.

आधी तोंडात धरण्याबद्दल. शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते: सावज दिसणं, त्यावर नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणारा चावा, फाडणं आणि खाणं. लांडग्यात ही साखळी पूर्ण असते. माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या वाढवल्या आणि काही दाबल्या. मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर रोखणं आणि दबा धरणं टोकाला नेलं आहे, चावा मात्र दाबलेला आहे. लॅब्रॅडॉरमध्ये पकड वाढवली आणि त्यापुढचा मारणारा चावा काढून टाकला. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करणारे पाण्यातले कुत्रे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांकडे पोहोचले आणि बंदुकीने पाडलेले पक्षी शोधून आणायच्या कामाला लागले. 1903 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पक्षी दातांनी चिरडला तर तो जेवणाच्या टेबलावर नेण्याजोगा राहत नाही. म्हणून ज्या कुत्र्याची पकड हलकी आणि जो वस्तू पकडल्यावर पळून न जाता माणसाकडे वळतो, त्याचीच पिल्लं पुढे ठेवली गेली. गोल्डन रिट्रिव्हरचीही हीच कथा आहे. या कुत्र्यांना उत्साह आला की तोंडात काहीतरी हवंच असतं. चेंडू नसेल तर चप्पल, चप्पल नसेल तर सोफ्यावरची उशी, आणि काहीच नसेल तर कित्येक लॅब पाहुण्याचं मनगट अलगद तोंडात धरतात.

आता बेलचा क्षण बघा. घरातली सगळी माणसं एकदम उठतात, आवाज वाढतात, दार उघडतं, नवा वास आत येतो. कुत्र्याची उत्तेजना काही सेकंदांत शिगेला पोहोचते. ती बाहेर काढायचे त्याचे नैसर्गिक मार्ग म्हणजे अंगावर उडी मारणं, तोंडापर्यंत पोहोचून चाटणं, भुंकणं. यातल्या बहुतेक गोष्टींना घरात ‘नाही’ ऐकायला मिळालेलं असतं. उरतं ते तोंड भरून घेणं. तोंडात वस्तू असलेला कुत्रा कमी भुंकतो आणि अंगावर उडीही कमी मारतो, कारण उडी मारून चाटायला तोंड मोकळं लागतं. त्यामुळे कुणीही न शिकवता कित्येक कुत्री हा मार्ग स्वतःच शोधतात, आणि त्यावर घरचे रागावत नाहीत म्हणून तो पक्का होतो.

या टप्प्यावर तुमच्या कुत्र्याचं शरीर नीट बघा. शेपूट मध्यम उंचीवर आणि मोठ्या झोक्याने हलते, मागचा सगळा भाग तिच्याबरोबर डोलतो, शरीर कमानीसारखं वळतं, कान सैल मागे जातात आणि वस्तू तोंडात धरूनच तो बारीक आवाज काढत माणसाच्या पायांभोवती फिरतो. या वेळी तो वस्तू सोडत नाही. पाहुण्याला वाटतं, दाखवतोय पण देत नाही, चिडवतोय. तसं काही नसतं. त्या क्षणी त्याला वस्तूचं काही करून घ्यायचंच नसतं. तो फक्त भेटतोय आणि भेटताना तोंड कामात आहे. पाहुण्याने इथे वस्तूला हात न लावता कुत्र्याच्या छातीवर किंवा खांद्यावर हलका हात ठेवला तर तो समाधानाने टेकून उभा राहतो.

खरी मागणी पुढे सुरू होते, बहुतेक वेळा पाहुणा बसल्यावर. दोन-चार मिनिटांत उत्तेजना उतरते आणि मग वस्तू पायाशी पडते. पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. कुत्रा अर्धं-एक पाऊल मागे सरकतो, पुढचे पाय जरा खाली घेतो आणि त्याची नजर चेंडू, माणसाचा चेहरा, पुन्हा चेंडू अशी येरझारा घालते. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या या नजरेच्या येरझारांचा अभ्यास केला आहे आणि त्यांच्या मते ती दाखवण्याची, निर्देश करण्याची खूण आहे. त्याच गटाने हेही पाहिलं की वस्तू आणून देणारा कुत्रा माणसाच्या पाठीमागे ती टाकत नाही, वळसा घालून त्याच्या तोंडासमोर आणतो. तुमचे पाहुणे जिकडे तोंड करून बसले असतील तिकडेच चेंडू पडत असेल, सोफ्याच्या मागे नाही. पायाशीच का, याचं उत्तर यातच आहे. बसलेल्या माणसाच्या समोरची, त्याच्या नजरेतली आणि त्याचा हात सहज पोहोचेल अशी कुत्र्याच्या उंचीवरची जागा तेवढीच असते.

आता कुत्र्याला माणूस कशाला लागतो? चेंडू तर त्याच्याकडे आहेच. याचं उत्तर मला 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसतं. केनेलमध्ये राहणाऱ्या लॅब्रॅडॉरना एकच खेळणं पुन्हा पुन्हा थोड्या थोड्या वेळासाठी दिलं, तर त्यांचा रस झपाट्याने संपत गेला. खेळणं बदललं की तो रस परत आला, मग नवं खेळणं फक्त रंगाने आणि वासाने वेगळं असलं तरी. म्हणजे निपचित पडलेली वस्तू कुत्र्याच्या लेखी लवकर मरते. ती जिवंत होते हलल्यावर, उडाल्यावर, दूर पळाल्यावर, कारण पाठलागाची कडी हालचालीनेच जागी होते. चेंडू हलवू शकणारा घरातला एकमेव अवयव म्हणजे माणसाचा हात.

हे कुत्र्याला किती नेमकं कळतं, याचा पुरावा इंग्लंडमधल्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेतून मिळतो. निकोला रूनी, जॉन ब्रॅडशॉ आणि इयान रॉबिन्सन यांनी कुत्रा-कुत्रा खेळ आणि कुत्रा-माणूस खेळ शेजारी ठेवून पाहिले. दुसऱ्या कुत्र्याबरोबर खेळताना वस्तू आपल्याच ताब्यात ठेवण्याकडे कल जास्त होता. माणसाबरोबर खेळताना तेच कुत्रे वस्तू सोडायला, समोर आणून द्यायला जास्त तयार होते. म्हणजे कुत्रा माणसाला दुसरा कुत्रा समजून खेळत नाही, त्याच्यासाठी या दोन वेगळ्या प्रकारच्या जोड्या आहेत. कुत्र्याबरोबरच्या खेळात वस्तू सोडली तर ती गेली. माणसाबरोबर सोडली तर ती उडून परत येते.

मग पाहुणेच का, तुम्ही का नाही? इथे कुत्र्याने केलेला हिशेब बघा. तुमच्या पायाशी त्याने कितीदा चेंडू टाकला असेल आणि तुम्ही लॅपटॉपवर असाल, भाजी चिरत असाल, फोनवर असाल. त्या मागणीला उत्तर आलं नाही, म्हणून ती हळूहळू विझली. तुमच्याकडून चेंडू कधी मिळतो हे त्याने वेगळं शिकून ठेवलं असणार. तुम्ही फिरायला जाण्याचे बूट घातले किंवा पट्टा हातात घेतला की बघा, त्या वेळी तो तुमच्याकडे चेंडू आणतो का. बहुतेक घरांत आणतो. पाहुण्याचं गणित याच्या उलट आहे. तो मोकळ्या हातांनी येतो, सोफ्यावर बसतो, त्याला करायला काही काम नसतं आणि कुत्र्याने पायाशी काही टाकलं की तो हसतो, “अरे वा, माझ्यासाठी आणलंस?” म्हणतो आणि चेंडू फेकतो. प्रत्येक पाहुणा फेकत नाही. कुणी पहिल्यांदाच फेकतो, कुणी पाच वेळा आणल्यावर, कुणी अजिबात नाही. असं अनियमित बक्षीस मिळत राहिलं की सवय सर्वांत चिवट होते, कारण एक-दोन वेळा काही मिळालं नाही तरी ‘पुढच्या वेळी मिळेल’ हा अनुभव कुत्र्याच्या गाठीशी असतो. पाहुणे बदलत राहतात, त्यामुळे घरात सगळ्यांना कंटाळा आला तरी ही सवय कधीच विझत नाही.

अनोळखी माणसाकडे वस्तू आणणं कुत्र्याला अस्वाभाविक नाही, याचा एक सुंदर पुरावा लांडग्यांकडून मिळाला. स्वीडनमधल्या स्टॉकहोम विद्यापीठाच्या क्रिस्टीना हान्सन व्हीट आणि हान्स टेम्रिन यांनी माणसांनी हाताने वाढवलेल्या 13 लांडग्याच्या पिल्लांची चाचणी घेतली. पिल्लं 8 आठवड्यांची होती, 3 वेगवेगळ्या वेतांतली होती आणि चेंडू फेकणारी व्यक्ती त्यांना पूर्णपणे अनोळखी होती. बहुतेक पिल्लांनी चेंडू माणसाकडे आणण्यात रस दाखवला नाही. पण 3 पिल्लांनी अनोळखी व्यक्तीने बोलावल्यावर चेंडू परत आणून दिला. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे माणसाकडे वस्तू घेऊन वळण्याची वृत्ती सगळी जाती घडवताना निर्माण झाली असं नाही. ती थोड्या प्रमाणात आधीपासून होती, काही पिल्लांत असे, बऱ्याच जणांत नसे. लॅब्रॅडॉरमध्ये माणसाने ती निवडून निवडून जवळपास प्रत्येक पिल्लापर्यंत पोहोचवली. दत्तक घेतलेल्या आपल्या गावठी कुत्र्यांमध्ये ती पुन्हा विखुरलेलीच दिसते. कित्येक इंडी चेंडूकडे बघून दुसरीकडे तोंड फिरवतात आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

आता तुमच्या आईच्या म्हणण्याकडे. लांडगा बाहेरून अन्न आणून पिल्लांना देतो, त्यावरून कुत्रा आपल्याला ‘भेट’ देतो असं पुष्कळ जण सांगतात. मला हे पटत नाही. लांडग्यात असं अन्न मुख्यतः मोठ्यांकडून लहानांकडे जातं, आणि तुमचा लॅब पाहुण्याला पिल्लू समजत नाही. हे तपासून बघायला घरच्या घरी एक सोपा मार्ग आहे. पुढच्या पाहुण्याला सांगा, चेंडू पायाशी पडला की शांतपणे उचला, “छान” म्हणा आणि तुमच्या पिशवीत ठेवून गप्पा मारत राहा. भेट द्यायची असती तर ती पोहोचली, काम संपलं. पण तुम्हाला दिसेल की कुत्रा पिशवीकडे बघतो, हाताकडे बघतो, पंजा मारतो, एकदा भुंकतो, नाहीतर आत जाऊन दुसरं खेळणं घेऊन येतो. युलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासाचा सूरही हाच आहे. कुत्री माणसाला वस्तू कुठे आहे हे प्रामुख्याने स्वतःला हवी असेल तेव्हा दाखवतात, माणसाला उपयोग व्हावा म्हणून माहिती देण्यासाठी नाही. यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. ज्या माणसाची भीती वाटते त्याच्या पायाशी कुत्रा चेंडू टाकत नाही. तुमच्या घरात आलेल्या परक्या माणसाला तो खेळातला जोडीदार म्हणून निवडतोय, आणि हा विश्वास मला भेटवस्तूपेक्षा मोठा वाटतो.

एक घर सविस्तर सांगतो, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं वेगळं करायचं ते दिसेल. पुण्यातल्या एका फ्लॅटमधला चार वर्षांचा गोल्डन. घरात शिकवणीला मुलं यायची, म्हणजे बेल संध्याकाळी अनेकदा वाजायची. तक्रार अशी की तो प्रत्येकाच्या पायाशी चेंडू टाकत राहतो, कुणी लक्ष दिलं नाही तर भुंकतो आणि शिकवणी बंद पडते. मी आधी घरच्याच माणसाला बाहेर जाऊन बेल वाजवायला सांगितली. कुत्रा धावला, पण वस्तू कापडी ससा होता, आणि तो त्याने अखेरपर्यंत सोडला नाही. भेटून झाल्यावर ससा घेऊन आपल्या चटईवर जाऊन पडला. मग एका ओळखीच्या मुलाला बोलावलं. पुन्हा ससा, पुन्हा भोवती फेऱ्या. मुलगा बसल्यावर मात्र कुत्रा आत गेला, ससा ठेवून चेंडू घेऊन आला आणि तो पायाशी टाकला. हा फरक त्या घरातल्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. ससा स्वागताचा होता, चेंडू मागणीचा. तुमच्याकडेही माकड आणि चेंडू अशी दोन खेळणी आहेत, तेव्हा कुठलं कधी येतं आणि कुठलं खरोखर पायाशी पडतं, हे आठवडाभर बघा. मला अंदाज आहे की माकड दाराशी जास्त दिसेल आणि चेंडू सोफ्यापाशी.

पुढे मी मुलाला तीन गोष्टी वेगवेगळ्या वेळी करायला सांगितल्या. पहिल्या वेळी चेंडूकडे पाहायचंच नाही. कुत्र्याने चेंडू नाकाने ढकलून आणखी जवळ आणला, मग मुलाच्या पायावर ठेवला, मग भुंकला. दुसऱ्या वेळी चेंडू उचलून हातात स्थिर धरायचा. कुत्रा हाताकडे टक लावून उभा राहिला, शरीर सैल, तोंड उघडं, शेपूट हलती. तिसऱ्या वेळी चेंडूला हात न लावता कुत्र्याला हाक मारून छाती खाजवायची. तो अर्धा मिनिट थांबला आणि पुन्हा चेंडूकडे वळला. म्हणजे पायाशी टाकण्यामागे लक्ष वेधणं एवढंच नव्हतं. त्याला फेकणंच हवं होतं. माणसाचा स्पर्श पुरला असता तर उपाय वेगळा लागला असता.

उपाय साधा होता, पण घरातल्या सगळ्यांनी एकसारखा करायचा होता. ससा दाराजवळच्या टोपलीत कायमचा ठेवला, म्हणजे स्वागताला तोच हाती लागेल. चेंडू कपाटात गेले. शिकवणीच्या आधी घरातल्याच माणसाने त्याच्याशी दहा-पंधरा मिनिटं चेंडू खेळायचा आणि शेवटी एक ठरलेला शब्द बोलून चेंडू कपाटात ठेवायचा. त्या शब्दानंतर कुणीही फेकायचं नाही, पाहुणा असला तरी. पहिले काही दिवस भुंकणं वाढलं, आणि हे सांगून ठेवणं फार गरजेचं असतं. मिळत असलेलं बक्षीस बंद झालं की ते मिळवण्याचा प्रयत्न आधी जोर धरतो आणि मगच ओसरतो. त्या दिवसांत एखाद्याने दया येऊन एकदा फेकलं तर कुत्रा शिकतो की जोरात भुंकायला हवं. त्या घरात मुलांना हे समजावून सांगितलं होतं, त्यांनी ते पाळलं. कुत्रा ससा घेऊन दाराशी येतच राहिला. ते कुणाला बंद करायचंही नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला त्रास होत नसेल तर बंद करण्यासारखं यात काहीच नाही. पाहुण्यांनी दोन-तीनदा फेकावं आणि मग चेंडू वर ठेवून द्यावा, एवढं पुरे. फक्त उन्हाळ्यात पाहुण्यांची मुलं गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात दुपारी फेकत बसली तर लॅब स्वतःहून थांबणार नाही. जीभ लांब बाहेर लोंबते आहे, धाप थांबत नाही, पाय अडखळतात, अशी चिन्हं दिसली तर खेळ तिथेच थांबवून सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता आणि पशुवैद्याला फोन करा.

आता झडपेचा भाग, आणि हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चावे इथेच बसतात. चेंडू पडतो, पाहुणा वाकतो, कुत्रा तोच उचलतो. यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे चेंडू त्याने अजून खरा सोडलेलाच नव्हता, स्वागताच्या टप्प्यात तोंडातून निसटला होता. दुसरी म्हणजे त्याला पळापळीचा खेळ हवा आहे. आपण झडप घालावी आणि माणसाने मागे लागावं हे त्याने कुणाकडून तरी शिकलेलं असतं, बहुधा घरातल्या मुलांकडून. यात तो चेंडू घेऊन दोन ढांगा जातो, वळून बघतो, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करतो. शरीर सगळं सैल आणि उड्या मारणारं असतं. या दोन्ही प्रकारांत धोका एवढाच की हात आणि दात एकाच वेळी चेंडूपाशी पोहोचतात आणि बोटाला ओरखडा येतो.

तिसरी शक्यता म्हणजे राखण, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजे. वस्तू राखणारा कुत्रा चेंडू टाकून मागे सरकत नाही, त्याच्यावर उभा राहतो. डोकं खाली चेंडूच्या वर येतं आणि मान ताठ होते. शेपूट हलत असली तरी तिचा झोका छोटा आणि ताठर असतो. तोंड घट्ट मिटलेलं असतं. तो तुमच्याकडे डोकं न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो, त्यामुळे डोळ्याची पांढरी कोर दिसते. हे सगळं क्षणभर गोठल्यासारखं दिसतं आणि गुरगुरणं असलंच तर त्यानंतर येतं. शेपूट हलतेय म्हणून वाकलेल्या पाहुण्याचा चेहरा त्या वेळी बरोबर कुत्र्याच्या दातांच्या उंचीवर असतो. असं काही दिसलं तर गुरगुरण्याबद्दल ओरडू नका. ओरडल्याने गुरगुरणं बंद होतं, राखण बंद होत नाही, आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो. पाहुण्याला सरळ उभं राहून दूर जायला सांगा, कुत्र्याला दुसऱ्या खोलीत हाक मारून खाऊ द्या आणि वर्तनतज्ज्ञाला घरी बोलावून दाखवा. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे ही तिसरी शक्यता मला दिसत नाही. अडीच वर्षांचा लॅब, स्वतःहून आणून टाकतो आणि मग झडप घालतो, हे पळापळीच्या खेळाचं चित्र आहे. तरी एकदा वरच्या खुणा लावून बघाच.

झडप कमी करायला ‘सोड’ शिकवण्यापेक्षा अदलाबदल शिकवणं मी पसंत करतो. दोन एकसारखे चेंडू घ्या. त्याने पहिला आणला की वाकू नका, दुसरा हातात दाखवा. तो बघत पहिला सोडेल. सोडल्याबरोबर दुसरा फेका, आणि तो त्यामागे गेल्यावर पहिला उचला. हात आणि तोंड एकाच चेंडूपाशी कधीच भेटत नाहीत. काही दिवसांत तो चेंडू टाकून आपणहून दोन पावलं मागे जाऊन थांबायला लागतो, कारण मागे गेल्यावरच पुढचा चेंडू उडतो हे त्याला उमगतं. हे घरच्यांनी आधी पक्कं करा आणि मगच पाहुण्यांच्या हातात द्या.

चेंडूबद्दल एक गोष्ट. टेनिसचा चेंडू मोठ्या लॅबच्या घशात अडकू शकतो, आणि त्यावरची लव दातांचं वरचं आवरण सतत घासत राहते. तोंडात पूर्ण मावणार नाही असा मोठा, गुळगुळीत रबरी चेंडू घ्या.

तुमचा नर आहे म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या काहींना लागू असेल. नसबंदी न केलेली मादी माजानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी अचानक खेळणी गोळा करू लागली, ती घेऊन कोपऱ्यात बसू लागली, कण्हत ती इकडून तिकडे नेऊ लागली, तर तो बहुधा खोट्या गरोदरपणाचा परिणाम असतो. त्या काळात ती खेळणं पिल्लासारखं राखते. पाहुण्याजवळ आणलं तरी त्याला हात लावायचा नाही, आणि स्तनांत दूध किंवा सूज दिसली तर पशुवैद्याकडे न्यायचं. तसंच उतारवयातला कुत्रा पूर्वी कधी न आणता अचानक रात्री-अपरात्री वस्तू तोंडात घेऊन घरभर फिरू लागला, तर मी त्याला खेळ समजत नाही. त्याची तपासणी करून घ्यायला सांगतो.

पाहुण्यांबरोबर लहान मुलं येणार असतील तर आधीच चेंडू कपाटात ठेवा आणि माकड तेवढं बाहेर राहू द्या. मूल दोन्ही गुडघ्यांवर बसून चेंडूवर झुकतं, त्या वेळी त्याचा चेहरा कुत्र्याच्या तोंडासमोर असतो, आणि खेळाच्या भरात घातलेली झडपसुद्धा तिथे जखम करू शकते. मुलाला खेळायचंच असेल तर मोठ्या माणसाने शेजारी उभं राहावं, चेंडू मोठ्यानेच उचलावा आणि मुलाने फक्त उभ्याने फेकावा.